आधी फक्त नमस्कार

कोणाकडून काही काम करून घ्यायचे असेल, तर पहिल्याच संदेशात ते काम लिहून मोकळे होण्याचा उथळपणा आपण करू नये. आधी फक्त ‘नमस्कार सर’ एवढेच पाठवावे आणि दोन निळ्या खुणांची वाट पाहावी. यामागचे शास्त्र असे, की काम लिहून पाठवले तर समोरच्याला सवडीने नकार देता येतो. नुसत्या नमस्काराला मात्र नकार देता येत नाही. त्याने उलट नमस्कार केला की तो मोकळा आहे हे सिद्ध होते आणि नंतर ‘कामात होतो’ म्हणण्याची सोय उरत नाही. दारावर आधी कडी वाजवावी लागते हे खरे, पण चिठ्ठी दाराखालून आत सरकवता येत असताना कडी वाजवून अंगणात उभे राहण्याची मजा काही वेगळीच आहे.

कर्नाटकातल्या आमच्या खानापूर तालुक्यात नमस्कारानंतर काय येणार, हे बहुधा ठरलेले असते. शाळा मराठीत झालेली आणि जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, त्यामुळे ज्याला दोन्ही लिप्या वाचता येतात त्याला दिवसभर नमस्कार येत राहतात. परवाच्या शुक्रवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी मला असाच एक आला. मी उत्तर दिले. अर्ध्या तासाने ‘जेवलासा काय?’ असे विचारण्यात आले. जेवलो होतो. मग पावसाची चौकशी झाली, जणू तो त्यांच्या गावात वेगळा पडतो. पावणेसहाला उताऱ्याचा फोटो आला, तोही नेमका अकराव्या रकान्यावर घडी पडलेला, आणि खाली ‘सोमवारी सोसायटीत द्यायचा आहे, एवढं मराठीत सांगा’ अशी ओळ होती.

घडी उलगडून पुन्हा फोटो मागवला. नवव्या रकान्यात मालकाचे नाव बरोबर होते. अकराव्यात ‘ऋण’ या शब्दाखाली जुन्या पीककर्जाचा बोजा तसाच होता. शब्द मराठीतलाच, पण कन्नड लिपीत असल्यामुळे तो त्यांना परका वाटला. कर्ज फेडल्याची पावती त्यांच्याकडे होती. परंतु पैसे फेडल्याने बोजा आपोआप उतरत नाही, त्यासाठी कर्ज दिलेल्या संस्थेचा बेबाकी दाखला जोडून अर्ज करावा लागतो आणि फेरफार मंजूर झाल्यावरच रकाना रिकामा होतो. फोटो सव्वाबाराला आला असता, तर निदान अर्ज त्याच दिवशी देता आला असता, पण तोवर कचेरी बंद झाली होती.

हे सगळे मी त्यांना सविस्तर लिहून कळवले. त्यावर हात जोडलेले चित्र आले आणि पाच मिनिटांनी प्रश्न आला, की मग उद्याच जाऊ काय. उद्या दुसरा शनिवार होता.