खांदा फसवतो, कंबर सांगते: पाठीच्या फोटोवरून स्कोलिओसिस ओळखण्याबद्दल

पालकांमध्ये एक मजकूर फिरतो, तो असा: "मुलांच्या पाठीचा एक फोटो काढून बघा. एक खांदा वर दिसला, कमरेची घडी एका बाजूला जास्त दिसली म्हणजे स्कोलिओसिस झालाच समजा. खांदे सरळ असतील तर काळजी नाही. जड दप्तरामुळे हे होतं. ताबडतोब एक्स-रे काढा आणि पाठीला पट्टा लावा, कणा सरळ होतो. प्रत्येक पालकापर्यंत पोहोचवा."

"झालाच समजा" इथपासून सुरुवात करू. स्कोलिओसिस म्हणजे कणा नुसता एका बाजूला झुकणं नव्हे. कणा बाजूला वळतो आणि त्याच वेळी मणके स्वतःभोवती पिळले जातात. उभं राहून काढलेल्या एक्स-रेवर हा बाक १० अंश किंवा त्याहून जास्त भरला, तरच त्याला स्कोलिओसिस म्हणतात. फोटोत दिसते ती फक्त शरीराच्या डाव्या-उजव्या बाजूंमधली तफावत. पीळ फोटोत दिसत नाही. त्यामुळे फोटो फार तर संशय निर्माण करू शकतो, निदान करू शकत नाही. पण तो नीट काढला तर संशय योग्य जागी जातो, म्हणून तो कसा काढायचा हे सांगणं आम्हाला महत्त्वाचं वाटतं.

सगळ्यात जास्त फसवतो तो खांदा. तेरा वर्षांच्या मुलीच्या दोन खांद्यांच्या टोकांमधलं अंतर साधारण ३२ सेंटीमीटर धरा. फोन हातात २ अंश तिरका झाला, जे डोळ्यांना कळतही नाही, तर फोटोत एक खांदा दुसऱ्यापेक्षा सुमारे १.१ सेंटीमीटर वर दिसतो. मुंबईच्या घरांत आणखी एक अडचण असते. बाल्कनी, चाळीची गॅलरी, मोरी, सगळीकडे पाणी वाहून जावं म्हणून जमिनीला उतार दिलेला असतो. उजेड चांगला म्हणून तिथे उभं केलं की एक पाय खाली जातो आणि कंबर आपोआप तिरकी होते. शिवाय अगदी निरोगी मुलांतही खांदे थोडे वरखाली असतात, आणि लिहिण्या-खेळण्याच्या हाताचा खांदा किंचित खाली असणं नेहमीचंच आहे.

म्हणून फोटो आतल्या खोलीत, सपाट लादीवर काढा. मागे दाराची चौकट किंवा भिंतीवरचा ओळंब्यातला कोपरा दिसू द्या, म्हणजे फोन तिरका होता का हे नंतर तपासता येतं. फोन दोन ते अडीच मीटर लांब आणि पाठीच्या मध्याच्या उंचीवर धरा. जवळून किंवा वरून काढला की प्रमाण बिघडतं. केस वर बांधलेले, अनवाणी, पावलं कमरेच्या रुंदीइतकी, गुडघे सरळ, हात सैल सोडलेले. पाठ आणि कंबर मोकळी दिसायला हवी. मुलीला स्पोर्ट्स ब्रा किंवा मागून उघडा ढगळ शर्ट चालतो. मूल या वयात संकोचतं, तेव्हा आधी विचारा, आई किंवा जवळच्या मोठ्या माणसानेच फोटो काढा आणि तो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नका. पुढच्या कॅमेऱ्याने काढू नका. काही फोनमध्ये त्याचा फोटो आरशासारखा उलटा साठतो आणि डावं-उजवं बदलतं. पाठीवर एखादा तीळ असेल तर त्यावरून बाजू पडताळता येते.

आता "खांदे सरळ असतील तर काळजी नाही" या वाक्याकडे येऊ. आमच्या मते सगळ्या मजकुरात हेच सर्वात घातक आहे, आणि ते का, हे एका उदाहरणावरून दिसेल.

समजा १२ वर्षं ८ महिन्यांची मुलगी आहे, पाळी अजून आलेली नाही, आणि गेल्या सहा महिन्यांत फ्रॉक आखूड झाले इतकी ती भराभर उंच झाली आहे. फोटोत उजवा खांदा सेंटीमीटरभर वर दिसला म्हणून घरचे घाबरले. मग लक्षात आलं की मागची दाराची चौकटही तितकीच तिरकी आहे. फोटो चौकटीला धरून सरळ केला आणि खांदे समपातळीत आले. मजकुराप्रमाणे इथे विषय संपतो.

पण त्याच फोटोत कंबर बघा. उजवीकडे कमरेची घडी खोल आहे, लटकत्या हाताच्या आणि अंगाच्या मधे बोटभर जास्त पोकळी आहे आणि उजवं नितंब बाहेर आल्यासारखं वाटतं. डावीकडे कंबर भरल्यासारखी सपाट आहे, हात अंगाला टेकतो. कमरेतला कणा डावीकडे वळला की धड डावीकडे सरकतं, म्हणून उलट बाजूची घडी खोल होते. वरचा भाग हे झुकणं सावरून घेतो, त्यामुळे खांदे सरळ राहतात. छातीतला बाक वेगळा दिसतो. तो बहुतेक वेळा उजवीकडे असतो, आणि त्यात उजवा खांदा वर, उजवं फऱ्याचं हाड पंखासारखं बाहेर आलेलं असतं. दोन बाक एकमेकांना तोलत असतील तर सगळंच जवळपास समान दिसू शकतं. खांद्यावर निकाल द्यायचा नाही, तो यासाठी.

या मुलीची पुढची पायरी एक्स-रे नव्हे, वाकवून बघण्याची चाचणी आहे. पावलं जुळवून, गुडघे सरळ ठेवून, दोन्ही तळहात जोडून सोडलेले, मान खाली, अशी ती कमरेतून हळूहळू वाकते. बघणाऱ्याने मागे बसून डोळे पाठीच्या पातळीला आणायचे. अर्धवट वाकल्यावर छातीच्या फासळ्यांचा उंचवटा दिसतो, कमरेचा त्याहून खाली वाकल्यावर. कमरेत फासळ्या नसल्याने तिथे फक्त स्नायूंचा फुगवटा येतो आणि घाईत तो निसटतो. आपल्या उदाहरणात डावीकडे तो आहे. हा पीळ फोटोत दिसत नव्हता, तो इथे दिसला.

तो मोजायला डॉक्टर स्कोलिओमीटर वापरतात. आत गोळी असलेली ही छोटी पट्टी पाठीवर आडवी ठेवतात, शून्याची खूण मणक्यावर. फोनमधल्या लेव्हलनेही अंदाज येतो, पण फोनची कड मणक्याच्या उंचवट्यावर डुगडुगते. म्हणून दोन्ही टोकांखाली अंगठे ठेवा, म्हणजे मणक्यावर फट राहते. ७ अंश किंवा जास्त भरले तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवायचंच. ५ ते ७ च्या मधे असेल तर वाढत्या वयात तीन-चार महिन्यांनी पुन्हा मोजा. जाड मुलांत चरबीखाली पीळ लपतो, तिथे ५ अंशांनाही सावध व्हा. या मुलीचे ८ भरले.

एक तपासणी इथे राहून जाते. पाय एक लांब आणि एक आखूड असला तरी कंबर तिरकी होते, घडीही असमान दिसते. आखूड वाटणाऱ्या पायाखाली सेंटीमीटरभर जाडीचं पुस्तक ठेवा. घडी समान झाली तर कारण पायात आहे. किंवा तिला स्टुलावर बसवून पुढे वाकवा. बसल्यावर उंचवटा गेला तर कणा पिळलेला नाही. इथे तो बसूनही तसाच राहिला, म्हणून आता एक्स-रेची वेळ आली.

दप्तराबद्दल थोडक्यात. जड दप्तराने पाठ दुखते, खांदा तात्पुरता झुकतो, दप्तर उतरलं की सरळ होतो. कणा पिळला जात नाही. किशोरवयात होणाऱ्या बहुतेक स्कोलिओसिसचं ठरावीक कारण सापडत नाही आणि अनुवंशाचा वाटा असतो. दप्तराला दोष देण्यात धोका असा की एका खांद्यावरचं दप्तर दोन खांद्यांवर घेतलं की पालक निश्चिंत होतात आणि नेमका झपाट्याने उंच होण्याचा काळ निघून जातो. मुलींमध्ये हा काळ बहुधा पहिल्या पाळीच्या आधीचं वर्ष असतो आणि बाक सर्वात वेगाने तेव्हाच वाढतो.

एक्स-रे काढायचा तर योग्य तो. चिठ्ठीवर "स्टँडिंग होल स्पाइन" असं आहे ना बघा. झोपवून काढलेल्या वेगवेगळ्या छाती-कमरेच्या फिल्मवर बाक कमी भरतो आणि वरखालचे बाक एकत्र मोजता येत नाहीत. किरण पाठीकडून छातीकडे जातील असा काढला की स्तनांना मात्रा कमी बसते. पुढच्या वेळी जुनी फिल्म न विसरता न्या. मोजण्यात ५ अंशांपर्यंत फरक पडू शकतो, त्यामुळे २२ चे २५ झाले म्हणजे बाक वाढलाच असं नसतं. मुंबईत केईएम, सायन, नायर, जे. जे. या सार्वजनिक रुग्णालयांत अस्थिरोग विभाग आहेत.

फक्त काही खुणा असतील तर वाट पाहू नका: रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पायात अशक्तपणा किंवा बधिरपणा, लघवीवर ताबा न राहणं, कमरेच्या मध्यावर केसांचा झुबका, अंगावर बरेच कॉफीच्या रंगाचे डाग, किंवा छातीतला बाक डावीकडे असणं. यांत डॉक्टर एमआरआयचाही विचार करतात.

आपल्या उदाहरणातला बाक समजा २७ अंश निघाला आणि वाढ बरीच शिल्लक आहे. इथे ब्रेस सुचवतात, पण तो ऑनलाइन मिळणारा खांदे मागे ओढणारा इलॅस्टिकचा पट्टा नव्हे. तो पट्टा पीळ रोखू शकत नाही. खरा ब्रेस अंगाच्या मापाचा, कडक प्लास्टिकचा असतो आणि ठरावीक जागी दाब देतो. त्याचा उद्देशही बाक सरळ करणं नसून तो वाढू न देणं हा असतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात ब्रेस लावणाऱ्या ७२ टक्के मुलांत बाक शस्त्रक्रियेच्या टप्प्यापर्यंत, म्हणजे ५० अंशांपर्यंत गेला नाही. नुसतं लक्ष ठेवलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होतं. दिवसाला सरासरी १३ तासांहून जास्त घालणाऱ्यांत ते ९० टक्क्यांच्या वर गेलं. यात झोपेचे तासही मोजले जातात. मुंबईच्या दमट हवेत मुलं ब्रेस काढून ठेवतात ते बहुधा घामाने कातडी सोलवटल्यामुळे. आत शिवण नसलेला सुती बनियन घालावा आणि तो दिवसातून दोन-तीनदा बदलावा. दाबाच्या जागी लाली ब्रेस काढल्यावर अर्ध्या तासात गेली तर चालतं. राहिली तर ब्रेस बनवणाऱ्याकडे नेऊन तेवढी कड घासून घ्यावी.