अँटिथेटिकचा फायदा तुमच्या आउटपुटमधून कुठे गेला?

मोंटे कार्लोने ऑप्शनची किंमत काढताना प्रत्येक यादृच्छिक आकड्यासोबत त्याचा उलटा आकडाही वापरायचा, या अँटिथेटिक युक्तीवर मी लेख लिहिला होता. त्यावर वाशीहून आलेली प्रतिक्रिया: "अँटिथेटिकने स्टँडर्ड एरर कमी होते असं लिहून मोकळे झालात. मी तुमच्याच आकड्यांवर चालवून पाहिलं. साध्या पद्धतीने ०.१४७, अँटिथेटिकने पण ०.१४७. लिहिण्याआधी स्वतः एकदा चालवत जा."

चालवलं होतं हो, आणि काल घणसोलीला ऑफिसातून निघण्याआधी परत चालवलं. तुमचा ०.१४७ मलाही मिळाला, पण मुद्दाम चूक केल्यावर.

आपला कॉल ऑप्शन असा: शेअर १००, स्ट्राइक १००, व्याज ५ टक्के, व्होलॅटिलिटी २० टक्के, मुदत एक वर्ष. ब्लॅक-शोल्सने किंमत १०.४५. एका पेऑफचं (आजच्या किमतीत) स्टँडर्ड डेव्हिएशन सुमारे १४.७, म्हणून १०,००० स्वतंत्र पेऑफना एरर ०.१४७. अँटिथेटिकमध्ये नॉर्मल वितरणातून ५,००० यादृच्छिक z काढायचे आणि प्रत्येकाचा जोडीदार −z घ्यायचा. माझा अंदाज, तुम्ही दोन्ही याद्या एकाखाली एक लावून १०,००० चा std काढलात आणि १०० ने भागलंत. त्या सूत्राला वाटतं सगळे आकडे एकमेकांना अनोळखी आहेत. जोडीदारांमधलं ऋण नातं, म्हणजे सगळी कमाई, तिथेच पुसली जाते. आधी जोडीची सरासरी घ्या, f(z) म्हणजे त्या z चा आजच्या किमतीतला पेऑफ:

```
m = (f(z) + f(-z)) / 2
se = m.std(ddof=1) / len(m)**0.5
```

आता ०.१०४ येईल. विश्वास बसत नसेल तर वेगवेगळे सीड देऊन अख्खं गणित २०० वेळा चालवा आणि आलेल्या २०० किमतींचं स्टँडर्ड डेव्हिएशन काढा. तेही ०.१०४ च्या आसपासच येईल, ०.१४७ च्या नाही. किंमत मात्र तुमचीही बरोबर होती, कारण सरासरी दोन्हीकडे तीच. चुकला तो फक्त छापलेला एरर.

०.१०४ च का, अजून कमी का नाही? वर्षअखेरच्या दोन शेअरभावांमधलं कोरिलेशन −०.९६ आहे, पण कॉलचा पेऑफ शून्याखाली जात नाही. एक जोडीदार खूप कमावतो तेव्हा दुसरा शून्यावर बसून राहतो, त्याला खाली खेचत नाही. म्हणून पेऑफचं कोरिलेशन −०.५ वर अडतं, व्हेरिअन्स निम्मा होतो आणि एरर ०.१४७ भागिले √२. थोडक्यात, १०,००० पेऑफ २०,००० चं काम करतात.

इथे माझ्या लेखाची एक चूक मान्य: हा फायदा स्ट्राइकवर अवलंबून असतो हे मी लिहिलं नव्हतं. स्ट्राइक ६० केलात तर पेऑफ जवळपास सरळ रेषेत चालतो आणि एरर साधारण पाचव्या हिश्श्यावर येतो. १४० केलात तर कोरिलेशन −०.०३ च्या आसपास, फायदा जेमतेम दोन टक्के. आणि १०० च्या स्ट्रॅडलवर, म्हणजे त्याच स्ट्राइकचे कॉल आणि पुट एकत्र घेतल्यावर, ही युक्ती लावूच नका. z आणि −z दोन्हीकडे जवळपास तेवढाच पेऑफ मिळतो, म्हणजे तीच माहिती दोनदा विकत घेतल्यासारखं. तिथे एरर साध्या पद्धतीपेक्षा वाढतो.

तुमचा std वाला भाग इथेच चिकटवा. अंदाज चुकला असेल तर मलाही कळेल.