सलाईन का नाकारलं? एका प्रतिक्रियेला उत्तर

"डॉक्टर, हार्ट अटॅकनंतरच्या शॉकवरचा तुमचा लेख पटला नाही. चुलतीला जुलाब झाले तेव्हा बीपी 80 होतं, सलाईनच्या बाटल्या लावल्या आणि ती तासगावला घरी आली. वडिलांचा हार्ट अटॅकनंतर बीपी तेवढाच, तर सलाईन नाकारलं आणि मशीनमधून थेंबभर औषध सोडत बसले. याला उपचार म्हणायचं?"

दादा, वडिलांचे कागद मी पाहिलेले नाहीत, म्हणून सांगलीतल्याच माझ्या एका रुग्णाचं सांगतो. बीपी 80/64. वरचा आकडा सोडा, दोन्हींतलं अंतर बघा: फक्त 16. वरच्या आकड्याच्या पाव हिस्स्यापेक्षाही कमी. म्हणजे हृदय प्रत्येक ठोक्याला जेमतेम रक्त ढकलतंय आणि शरीराला रक्त पुरत नाही, हाच हृदयाचा शॉक. हातपाय गार, लघवी जवळपास बंद, मानेच्या शिरा फुगलेल्या, छातीत खरखर.

चुलतीचेही हातपाय गारच असणार. पण तिच्या मानेच्या शिरा सपाट आणि छाती मोकळी असणार, कारण विहीरच आटली होती. इथे विहीर भरलेली आणि मोटर दमलेली. वरून पाणी ओतलं तर ते फुप्फुसात साचतं. (जंतुसंसर्गाच्या शॉकमध्ये तिसराच प्रकार: शेतातल्या ड्रिपचे सगळे व्हॉल्व्ह उघडे पडावेत तशा रक्तवाहिन्या सैल होतात, हातपाय सुरुवातीला गरम लागतात.) अपवाद आहे. अटॅक हृदयाच्या उजव्या बाजूला असेल आणि छाती मोकळी असेल, तर थोडं सलाईन जपून देऊन बघतात.

आता तो थेंब. डोब्युटामिन हृदयाच्या पेशीत कॅल्शियम वाढवून आकुंचन जोरकस करतं. 60 किलोच्या माणसाला किलोमागे मिनिटाला 5 मायक्रोग्रॅम, म्हणजे तासाला 18 मिलिग्रॅम. 50 मिलीच्या सिरिंजमध्ये 250 मिलिग्रॅम भरलं तर तासाला 3.6 मिली. दिसायला थेंबच. बीपी फारच खाली असेल तर रक्तवाहिन्या आवळणारं नॉरअॅड्रिनॅलिन जोडीला लागतं. पण हे दमलेल्या बैलाला चाबूक मारण्यासारखं आहे. आधीच उपाशी हृदयाला जास्त ऑक्सिजन लागतो, ठोके बिघडू शकतात. म्हणून डोस लागेल तेवढाच ठेवायचा.

दमलेल्या हृदयाला आधार म्हणून फुगा आम्हीही वर्षानुवर्षं बसवला. महाधमनीतला हा फुगा हृदय सैल पडताना फुगतो, आकुंचनाआधी मिटतो. पण 2012 च्या सहाशे रुग्णांच्या चाचणीत 30 दिवसांतले मृत्यू फुगा लावून 39.7 टक्के, फुग्याशिवाय 41.3, फरक नाहीच म्हणा. डाव्या कप्प्यातून रक्त ओढून महाधमनीत सोडणाऱ्या इम्पेला पंपाने 2024 च्या चाचणीत मृत्यू कमी केले, पण ते मोठ्या अटॅकच्या निवडक रुग्णांत. रक्तस्राव आणि पायाचा रक्तपुरवठा तुटणं वाढलं.

ही सगळी वेळ विकत घेणारी साधनं. मोटर बसली ती हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबल्यामुळे, ती अँजिओप्लास्टीने उघडावी लागते. माझ्या त्या रुग्णाची नळी त्याच रात्री उघडली, तिसऱ्या दिवशी डोब्युटामिन बंद झालं.

तेव्हा तुमचा राग सलाईनवर काढू नका. अँजिओप्लास्टी किती तासांनी झाली, हे डिस्चार्ज कार्डावर बघा. तिथे उशीर दिसला, तर विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.