मर्ज केलेल्या सेलमधली तारीख मला सापडली नाही

> "स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांसाठी तक्ते वेगळे करायची काही गरज नाही. आजकालचे स्क्रीन रीडर मर्ज केलेले सेलही वाचतात. पहिली ओळ ठळक केली की हेडर झालं. मर्ज न करता तीच तारीख परत परत लिहिली तर तक्ता बघवत नाही. आणि शेवटी पीडीएफच पाठवायची असते, मग वर्डमध्ये काय केलं याने काय फरक पडतो?"

मी एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरते, म्हणजे तक्ते कानाने वाचते. मर्ज केलेल्या सेलमधला मजकूर उच्चारला जातो, इथपर्यंत वरचं म्हणणं बरोबर आहे. पण तक्ता कोणी कादंबरीसारखा सलग ऐकत नाही. हवी ती माहिती शोधण्यासाठी आपण त्यात इकडेतिकडे फिरतो. एनव्हीडीएत कंट्रोल आणि ऑल्ट दाबून बाणाच्या कळांनी एकेका सेलवर सरकतात, आणि मर्ज केलेल्या तक्त्यात नेमकं हे सरकणंच बिघडतं.

एका महाविद्यालयाचं परीक्षेचं वेळापत्रक मला वर्ड फाइलमध्ये आलं होतं. कॉलम पाच: तारीख, सत्र, वेळ, विषय, खोली. रोज सकाळ आणि दुपार असे दोन पेपर, म्हणून तारखेचा सेल दोन ओळींवर मर्ज केलेला. मध्ये एक सुट्टीचा दिवस होता, त्या ओळीत तारखेनंतरचे चारही सेल जोडून मधोमध 'सुट्टी' लिहिलेलं. दिसायला नीटनेटकं असणार, यात शंका नाही.

मला दुपारचा अर्थशास्त्राचा पेपर कधी आहे ते हवं होतं. विषयाच्या कॉलममधून खाली सरकत अर्थशास्त्र सापडलं. तिथून डावीकडे गेले: वेळ, मग सत्र, मग 'तक्त्याची कड'. तारीख नाहीच. वर्डच्या लेखी ती तारीख वरच्या, सकाळच्या ओळीत राहते, दुपारच्या ओळीला तारखेचा सेल उरत नाही. डोळ्यांना एक मोठा चौकोन दोन्ही ओळींना कवेत घेताना दिसतो, मला मात्र दुपारचा पेपर तारखेविना लटकलेला मिळाला. मग वरच्या ओळीत जा, डावीकडे जा, तारीख लक्षात ठेव, परत खाली ये.

सुट्टीच्या ओळीने त्याहून वाईट केलं. चार सेल जोडल्यावर त्या ओळीत दोनच सेल उरले. मी पाचव्या कॉलममधून, म्हणजे खोली क्रमांक ऐकत, खाली येत होते. त्या ओळीत पाचवा सेलच नसल्याने ती गाळली गेली आणि थेट पुढच्या दिवसाची खोली ऐकू आली. मध्ये सुट्टी आहे याचा पत्ताच नाही. चूक झाली की निदान खटकायला तरी हवं. इथे काहीच खटकत नाही.

हा दोष एकट्या स्क्रीन रीडरचा मानू नका. उभे मर्ज केलेले सेल असलेल्या तक्त्यातली एखादी ओळ वर्डच्याच मॅक्रोतून मागून पाहा. वर्ड 5991 क्रमांकाची चूक दाखवून नकार देतो, कारण अशा तक्त्यात सुटी ओळ त्यालाही काढून देता येत नाही. एक्सेलमध्ये वेगवेगळ्या आकाराचे मर्ज केलेले सेल असले की सॉर्टिंग अडतं, हे तर दफ्तरात काम करणाऱ्या प्रत्येकाने भोगलेलं आहे.

आता ठळक अक्षरांबद्दल. ठळकपणा ही अक्षरांची जाडी आहे, ती पाहून 'हे कॉलमचं नाव' असा अर्थ माणूस लावतो. फाइलमध्ये तशी नोंद कुठेच होत नाही. नोंद असली तर कॉलम बदलताना एनव्हीडीए आधी कॉलमचं नाव सांगतो आणि मग सेल वाचतो: 'खोली, १४'. नसली तर नुसतं '१४'. हे १४ खोलीचं, तारखेचं की गुणांचं, ते मी मोजत बसायचं. वेब पानावर फरक इतकाच असतो:

```html
<td><b>खोली</b></td>
<th scope="col">खोली</th>
```

दोन्ही पडद्यावर जवळपास सारखेच दिसतात, पण कानाला उपयोग फक्त दुसऱ्याचा. ओळीच्या सुरुवातीच्या सेललाही ओळीचं नाव करायचं असेल तर तिथे `scope="row"` लिहितात.

वर्डमध्ये तक्त्यावर क्लिक करून Table Design मध्ये Header Row वर टिक करा, आणि मग पहिल्या ओळीत कर्सर ठेवून Layout मधलं Repeat Header Rows दाबा. पहिली टिक मुख्यतः रूपाची असते. हेडरची ओळ कोणती, ही खूण दुसऱ्याने फाइलमध्ये जाते. दोन्ही करावं. इथे एक खोच आहे. बरेच जण तक्त्याच्या आतच पहिली ओळ सबंध मर्ज करून 'प्रथम वर्ष कला, परीक्षा वेळापत्रक' असं शीर्षक टाकतात. मग हेडर म्हणून तीच ओळ ठरते आणि कॉलमची खरी नावं साध्या ओळीत जमा होतात. शीर्षक तक्त्याच्या वर, बाहेर लिहावं. वेब पानावर त्यासाठी `<caption>` आहे.

तक्ता बघवत नाही, ही तक्रार मात्र मी उडवून लावणार नाही. छापील कागदावर तीच तारीख दोनदा पाहून कुणाला गर्दी वाटेल. त्यावर उपाय साधा आहे. तारीख दोन्ही ओळींत लिहा आणि एका दिवसाच्या दोन ओळींमधली आडवी रेघ काढून टाका किंवा दोन्हींना एकच फिका रंग द्या. गट डोळ्यांना दिसतो. सुट्टीच्या ओळीत विषयाच्या सेलमध्ये 'सुट्टी' आणि सत्र, वेळ, खोली यांत 'नाही' लिहा. रिकामा सेल ठेवला तर मजकूर राहून गेला की मुद्दाम सोडला, ते ऐकणाऱ्याला कळत नाही. एक्सेलमध्ये शीर्षक मधोमध हवं असेल तर मर्ज नको, Format Cells च्या Alignment मध्ये Center Across Selection आहे. दिसतं तसंच, सेल मात्र सुटे राहतात.

मर्ज करणं म्हणजे सरसकट नियमभंग, असंही कुणी म्हणू नये. वेब पानावर `colspan` चालतं, आणि दुमजली हेडर `scope="colgroup"` किंवा `headers` आणि `id` वापरून शास्त्रशुद्ध जोडता येतात. डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेतला 1.3.1 हा निकष मर्जवर बंदी घालत नाही. डोळ्यांना दिसणारं नातं फाइलमध्येही असावं एवढंच मागतो. वर्डमध्ये मात्र ते नातं लिहून ठेवायची अशी सोय नाही. तिथे दुमजली हेडर आला की तक्त्याचे दोन साधे तक्ते करणं मला सोयीचं वाटतं.

राहता राहिली पीडीएफ. वर्डमधला हेडर पीडीएफमध्ये टॅग, म्हणजे रचना सांगणारी आतली खूण, होऊन उतरतो, पण वाट योग्य निवडली तरच. Microsoft Print to PDF ने छापलेल्या फाइलमध्ये टॅग नसतात, तक्ता म्हणजे नुसती विखुरलेली अक्षरं उरतात. Save As मधून PDF निवडा, Options उघडा आणि Document structure tags for accessibility वर टिक आहे ना ते बघा. वेळापत्रकाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकणाऱ्यांपुढे तर सेलचा प्रश्नच उद्भवत नाही, तिथे तक्ताच नाही.

पाठवण्याआधी दोन गोष्टी करून पाहा. वर्डमध्ये पहिल्या सेलमध्ये कर्सर ठेवून टॅब कळ दाबत जा आणि प्रत्येक ओळीत कर्सर तितक्याच वेळा थांबतो का ते मोजा. पाच कॉलमच्या तक्त्यात एखादी ओळ दोनच थांब्यांत संपली तर तिथे सेल जोडलेले आहेत. मग Review मधलं Check Accessibility चालवा. जोडलेले सेल आणि हरवलेला हेडर ते दाखवून देतं, पण चुकीच्या ओळीला हेडर केलंय हे त्याला कळत नाही. तेवढं तुम्हालाच बघावं लागेल, किंवा एनव्हीडीए उतरवून घेऊन ऐकावं लागेल. तो फुकट मिळतो.