हॉल्टिंगची बिलं दोनदा का गेली

प्रतिक्रिया: "सर, 'पाच वेळा का विचारा' हे वाचायला छान वाटतं. पण ऑडिटरने का-का करत बसायचं, की नियम कुठे मोडला ते सांगायचं? शेवटी प्रत्येक साखळी 'मॅनेजमेंटचं लक्ष नाही' इथेच येऊन थांबते. आणि डेटा-बिटा हे मोठ्या कंपन्यांचे चोचले."

साखळीबद्दलचा तुमचा मुद्दा मला मान्य आहे. 'का'चं उत्तर समोर बसलेल्या माणसाला सोयीचं असेल तिकडेच वळतं. डिस्पॅचवाल्याला विचारा, दोष अकाउंट्सचा. अकाउंट्सला विचारा, डिस्पॅचचा. म्हणून प्रत्येक उत्तराला मी एक उलटा प्रश्न लावतो: कारण हेच असेल, तर जिथे चूक झाली नाही तिथे काय वेगळं होतं?

एका कारखान्यातलं उदाहरण देतो. वर्षभरात ट्रान्सपोर्टची 31 बिलं दोनदा चुकती झाली होती. आदल्या वर्षीच्या रिपोर्टमध्येही हाच मुद्दा होता. कारण 'क्लार्कचा निष्काळजीपणा', शिफारस 'प्रशिक्षण'. प्रशिक्षण झालंही होतं, सह्यांचा कागद फाइलला होता. पण बाकीची हजारो बिलं त्याच दोन क्लार्कनी बिनचूक चढवली होती. मग निष्काळजीपणा नेमका या 31 बिलांनाच कसा गाठतो?

पहिलं 'का' सोपं होतं. मूळ बिलावर PN/0457 आणि मेलने आलेल्या प्रतीवरून चढवलेला नंबर 457, त्यामुळे सिस्टीमला ती दोन वेगळी बिलं वाटली. बहुतेक ऑडिट इथेच थांबतात आणि नंबर टाकायची पद्धत ठरवून देतात. ते करायला हवंच, पण प्रत मेलने आलीच का? ट्रान्सपोर्टरने पैशांसाठी तगादा लावताना जोडली म्हणून. अकाउंट्सने त्या प्रतीवर डेपो मॅनेजरची मेलवर मंजुरी घेऊन पैसे दिले. मूळ कागद तोवर डिस्पॅचच्या ट्रेमध्ये सहीसाठी पडून होता. तो नंतर सही होऊन आला आणि त्याचेही पैसे गेले.

सही का रखडली? डिस्पॅच म्हणालं, "कामाचा लोड." इथे तारखा कामाला आल्या. 31 पैकी 26 बिलांत हॉल्टिंग लावलेलं होतं, म्हणजे गाडी डेपोवर खाली व्हायला खोळंबली त्याचे पैसे. एकूण बिलांत मात्र हॉल्टिंग आठांत जेमतेम एका बिलाला होतं. आवक शिक्क्यापासून सहीपर्यंतचे दिवस काढले, तर साध्या बिलांना साधारण 4 आणि हॉल्टिंगवाल्यांना 38. टेबल तेच, माणूस तोच. लोड असता तर दोन्ही रखडली असती. हॉल्टिंगचे तास खरे की खोटे हे तपासायला डिस्पॅचकडे काही नव्हतं, म्हणून ती बिलं बाजूला पडत.

उलटा प्रश्न इथेही लावला. एका डेपोची हॉल्टिंगची बिलं आठवड्याभरात सुटत होती आणि त्यातलं एकही दोनदा गेलं नव्हतं. तिथला वॉचमन स्वतःहून रजिस्टरमध्ये गाडी आत-बाहेरची वेळ लिहून ड्रायव्हरची सही घेत असे. बाकी डेपोंवर ते होत नव्हतं, कारण डेपो चालवणाऱ्या ठेकेदाराच्या करारात फक्त टनाचा दर होता, वेळेच्या नोंदीचं कलमच नव्हतं. तिथे मी थांबलो. कलम कोण घालणार आणि कधी, हे विचारता येतं. 'लक्ष नाही' याला ना तारीख लावता येते ना माणूस. साखळी तिथवर गेली, तर बहुधा मधली एखादी पायरी न तपासता ओलांडलेली असते.

चोचल्यांबद्दल. आवक तारीख सिस्टीममध्ये नव्हतीच, रबरी शिक्क्यावर होती. माझ्या आर्टिकल असिस्टंटने 120 बिलांवरचे शिक्के वाचून एक्सेलमध्ये उतरवले, दोन दिवस लागले. दुहेरी बिलं शोधायला C स्तंभात बिल्टीचा नंबर आणि एवढं सूत्र पुरलं:

```
=COUNTIF(C:C,C2)>1
```

(एका बिल्टीवर कधी पुरवणी बिलही येतं, त्यामुळे सापडलेली प्रत्येक जोडी हाताने बघावी लागते.)

नियम मोडला हे सांगणं आपलं काम आहेच. पण 9 जानेवारी 2025 पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय अंतर्गत लेखापरीक्षण मानकांतलं 14.3 वाचा. शक्य असेल तिथे मूळ कारण व्यवस्थापनासोबत शोधावं, अशी त्यात अपेक्षा आहे. 'सोबत' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. वॉचमनचं रजिस्टर मला डेपो मॅनेजरनेच दाखवलं, एरवी मी ते मागितलंही नसतं.

उरलेल्या 5 बिलांत हॉल्टिंग नव्हतं. तीन बिलांत एकाच पॅनवर दोन व्हेंडर कोड निघाले, तो रिपोर्टमध्ये वेगळा मुद्दा केला. दोन मात्र खरोखर क्लार्कच्या चुका होत्या, आणि त्या तशाच लिहिल्या.