ओळख ठेवा, सर

काल नाशिकला कांदा साठवणुकीच्या परिषदेत बोललो. बोलून झाल्यावर मागेल त्याला नंबर दिला, आता भोगतोय. कालपासून चौदा मेसेज आलेत. त्यातले अकरा एकाच साच्यातले: 'नमस्कार सर, भेटून आनंद झाला. ओळख ठेवा.' खाली गुलाबाचं फूल.

अरे बाबा, पण तू कोण? नंबर माझ्याकडे सेव्ह नाही, डीपीवर कुणाचं तरी बाळ नाहीतर महाराज. ओळख ठेवू म्हणजे कुठे ठेवू, कपाटात? दोघांनी तर कंपनीचं जाडजूड पीडीएफ पाठवलंय आणि खाली 'सवडीने वाचून कळवा'. काय कळवू?

आणि काल रात्री साडेनऊला आलेला हा एक मेसेज. पाठवणारीला विचारूनच इथे टाकतोय:

'नमस्कार सर. आज जेवणाच्या रांगेत कांदाचाळीत थर किती उंच असावा ते विचारणारी मी, सिन्नर तालुक्यातली. तुम्ही म्हणालात, पाच फुटांच्या वर गेलं की खालचा कांदा दबतो आणि मधे हवा खेळत नाही. आम्ही सहा फूट भरतो, वडील ऐकत नाहीत. येत्या गुरुवारी चाळ भरणार आहोत. एक कप्पा साडेचार फूट, एक सहा फूट भरून दोन्हींत वजन केलेल्या पिशव्या ठेवणार आहे. त्या कुठे ठेवू, एवढंच बुधवारपर्यंत सांगाल का? वजनं मी दर महिन्याला पाठवीन.'

खाली पूर्ण नाव, गाव आणि चाळीचा एक फोटो. एकच.

वाचता वाचता ती रांग डोळ्यांसमोर आली. माझ्या हातात ताट, वरण सांडतंय आणि ही मुलगी उंची विचारतेय. काल माझ्याशी बोलताना तिने सात-आठ गोष्टी काढल्या होत्या, अनुदान, पंखे, भाव, सगळं. मेसेजात मात्र एकच उचलली, आणि तीही मी काय म्हणालो होतो त्यासकट. त्यामुळे मला डोकं खाजवावं लागलं नाही.

मागणी केवढी, तर दोन ओळींच्या उत्तराची. 'कधीतरी भेटू या, मार्गदर्शन करा' याला मी काय उत्तर देणार? हो म्हटलं तर तारीख मीच शोधायची, जागा मीच सांगायची, विषयही मीच काढायचा. तिने काम स्वतःकडे घेतलं आणि माझ्यासाठी फक्त एक नेमका प्रश्न ठेवला. बुधवार का, तर गुरुवारी कांदा चाळीत पडणार. मुदत तिची नाही, कांद्याची आहे, म्हणून ती टोचत नाही.

सगळ्यांना असं लिहिता येत नाही, काहींना मोठ्या माणसाला प्रश्न विचारायचीच भीड वाटते, हे मान्य. पण फूल पाठवायला भीड वाटत नाही का?

असो. चिडलोय खरा, पण मीही शहाणा नव्हतो. पंचवीस वर्षांपूर्वी एका प्राध्यापकांना परिषदेनंतर तीन आठवड्यांनी पत्र लिहिलं होतं, 'आपल्या भाषणाने प्रभावित झालो'. उत्तर आलं नाही. वर्षभर त्यांना घमेंडखोर म्हणत हिंडलो. काल रात्री तो मेसेज वाचताना पहिल्यांदा वाटलं, त्या पत्राला उत्तर द्यायला त्यात होतं काय? मला त्यांना वाळवणाबद्दल विचारायचं होतं. तेच लिहिलं नव्हतं.

तिला लगेच उत्तर दिलं. 'ताई, पिशव्या जाळीच्याच घ्या, पाच-पाच किलो कांदा भरा आणि खुणेची चिठ्ठी बांधा. तळाला, मधे आणि वर अशा तीन पातळ्यांवर ठेवा. महिन्याला मोजायच्या पिशव्या कडेच्या पट्ट्यांना लागून ठेवा, म्हणजे ढीग फारसा न मोडता बाहेर काढता येतील. पण कडेला हवा लागतेच, खरं काय ते ढिगाच्या पोटात कळतं. म्हणून तिथेही पिशव्या पुरा, त्या चाळ फोडतानाच मोजा. तेव्हा सडलेला आणि कोंब आलेला कांदा वेगवेगळा तोला. उरलेली घट म्हणजे बहुतेक उडालेलं पाणी. हे वेगळं केलं नाही तर नुसतं वजन घटलेलं दिसेल, उंचीमुळे सडला की नुसता सुकला ते कळणार नाही.'

दोन ओळी मागितल्या होत्या, मी एवढं लिहीत बसलो. एरवी फोनवर टाईप करायचा मला कंटाळा आहे, घरच्यांना विचारा.

बाकीच्या अकरांना काय लिहू? एकाला विचारलं, 'आपण कशाबद्दल बोललो होतो?' त्याने परत फूल पाठवलं.

तिचं उत्तर मात्र आताच आलं: 'वडील तयार झाले, सर. म्हणतात, सहा फुटांचा कप्पा माझा, साडेचारचा तुझा. दिवाळीच्या आत बघू कुणाचा टिकतो.'