अहवाल आटोपशीर करण्याचे धोके

तिमाही अहवाल लिहायला बसलात की पहिला शब्द ‘सदर’ टाका. पुढचे आपोआप येते. मी गेली कित्येक वर्षे असेच लिहितो आहे आणि माझ्या अहवालावर आजवर एकही प्रश्न आलेला नाही. प्रश्न यायला कोणीतरी तो वाचावा लागतो.

नमुना म्हणून माझा एक परिच्छेद देतो, जपून ठेवा:

‘सदर तिमाहीमध्ये विविध कारणांच्या अनुषंगाने मालाच्या पाठवणीच्या प्रक्रियेमध्ये काही प्रमाणात विलंब झाल्याचे निदर्शनास आले असून, सदर बाबीच्या संदर्भात संबंधितांशी आवश्यक ती चर्चा करण्यात आलेली आहे व त्या दृष्टीने योग्य ती उपाययोजना करण्याबाबतची कार्यवाही प्रगतिपथावर आहे.’

३५ शब्द. वाचून झाल्यावर काय कळले? काही नाही. हेच तर कसब आहे! यात सगळा भार ‘करण्यात आलेली आहे’ उचलते. ‘चर्चा केली’ म्हटले की ‘कोणी?’ हा प्रश्न दारात उभा राहतो. ‘चर्चा करण्यात आलेली आहे’ म्हटले की चर्चा पावसासारखी आपली आपण होऊन जाते. ‘निदर्शनास आले’ हेही तसेच. कोणाच्या, ते विचारायचे नसते.

आमच्याकडे डिस्पॅचला एक मुलगी नवीन लागली आहे. तुमच्याकडे अशी कोणी आली तर तिच्या हाती पेन्सिल देऊ नका. माझ्या या परिच्छेदात तिने आधी क्रियापदे शोधली आणि त्यांच्याभोवती गोल केले. ‘विलंब झाल्याचे निदर्शनास आले’चे ‘उशीर झाला’ केले. ‘अनुषंगाने’, ‘संदर्भात’, ‘दृष्टीने’ यांवर सरळ काट मारली, कारण ते काढले तरी अर्थ हलत नव्हता. ‘आवश्यक ती’ आणि ‘योग्य ती’ही गेले. म्हणे, अनावश्यक चर्चा आणि अयोग्य उपाययोजना केली असे कोण लिहितो? उरले ते एवढे:

‘या तिमाहीत माल उशिरा गेला. चर्चा केली. उपाय चालू आहेत.’

दहा शब्द. मी मनातून खूश झालो. म्हटले, आता हिला कळेल, पानभर लिहायला का लागते ते! परिच्छेद सोलला की आत गर नसतो, कांद्यासारखा. शहाणा माणूस इथे घाबरून साली परत चिकटवतो.

तिने चिकटवल्या नाहीत. समासात चार प्रश्न लिहिले: किती? का? कोणाशी? कधीपर्यंत? आणि डिस्पॅचचे रजिस्टर घेऊन बसली. संध्याकाळी परिच्छेद असा झाला:

‘या तिमाहीत २१२ पैकी ३८ ऑर्डरी उशिरा गेल्या. ३१ खोक्यांअभावी अडकल्या, ७ ट्रक न मिळाल्यामुळे. खरेदी विभागाने खोक्यांचा दुसरा पुरवठादार ठरवला आहे. तो १० तारखेपासून माल देईल.’

मोजले तर २७ शब्द. म्हणजे एवढी काटछाट करून वाचले किती, तर आठ! एवढ्यासाठी रजिस्टर कशाला उघडायचे, तुम्हीच सांगा. ‘विविध कारणां’त किती सोय होती! त्यात ट्रकही मावत होते, खोकीही आणि गेल्या वर्षीचा पाऊसही.

बरे, सरसकट सगळेच छाटते म्हणावे तर तेही नाही. पुढच्या परिच्छेदात मी ‘साधारणतः जवळपास अंदाजे ४ लाखांचे नुकसान’ असे तिपदरी लिहिले होते. तिने दोन पदर काढले आणि ‘अंदाजे’ ठेवले. ‘हेही काढ की,’ मी म्हटले. ‘सर, ग्राहकाचा क्लेम अजून मिटलेला नाही. आकडा पक्का नसताना पक्का कसा लिहू?’ म्हणजे शब्द जास्त म्हणून नव्हे, काम करत नाही म्हणून काढायचा, असा हिचा हिशेब. असल्या हिशेबाने चालले तर माझ्या जुन्या अहवालांत स्टेपलरची पिनच शिल्लक राहील.

मी तो कागद तसाच वर पाठवला. कंटाळा केला, दुसरे काय. तुम्ही करू नका. किमान ‘खरेदी विभागाने’ तरी पुसून ‘संबंधितांकडून’ लिहा. खरेदी विभाग म्हणजे मी, हे आतापर्यंत सांगायचे राहिले.

दुसऱ्या दिवशी सव्वादहाला साहेबांचा फोन.

‘अहो, ३१ ऑर्डरी खोक्यांपायी अडकल्या?’

‘साहेब, सदर बाबीच्या अनुषंगाने संबंधितांशी...’

‘खोक्यांची ऑर्डर तुम्ही दिली कधी?’

‘उशिरा, साहेब,’ मी म्हणालो.